फाउंड्रीत टीबीवर वीस मिनिटं बोलायचं असेल तर

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रींमध्ये टीबीवर बोलायला मी बरीच वर्षं जातो. पहिलं भाषण अजून आठवतं, कारण ते साफ फसलं होतं. कँटीनमध्ये पडदा लावला, तासभर जंतूंची चित्रं दाखवली, टाळ्याही मिळाल्या. बाहेर पडताना फेटलिंगचा एक जुना कामगार म्हणाला, "साहेब, सगळं बरोबर आहे, पण इथं वाळूत काम करणाऱ्याला खोकला येणारच की." माझ्या तासाभरात या एका वाक्याचं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी भाषण दोनच दिवसांसाठी करतो. पहिला दिवस, जेव्हा माणूस स्वतःच्या खोकल्याला "धुळीचा असेल" म्हणतो. दुसरा दिवस, जेव्हा औषध सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतात, ताप गेलेला असतो, भूक लागायला लागलेली असते आणि त्याला वाटतं की आता बस्स. टीबी हाताबाहेर जातो तो बहुतेक या दोनपैकी एका दिवशी. सुरक्षा अधिकारी, वेलफेअर ऑफिसर, युनियनचा माणूस, कोणीही हे भाषण देऊ शकतो. कसं द्यायचं ते सांगतो.

बोलण्याआधी

वेळ पाळी बदलायची घ्या, पण कामगाराच्या स्वतःच्या वेळेतून नको. सुटलेल्या माणसाला थांबवलंत तर त्याचं लक्ष बसकडे असतं. संपणाऱ्या पाळीची शेवटची वीस मिनिटं मालकाकडून मागून घ्या. जागा शेकआउटपासून लांब हवी, पॅटर्न शॉप चांगलं. एका वेळी पंचवीस-तीस माणसं पुरे. ठेकेदाराचे कामगार आले आहेत का हे स्वतः मोजा. ते कंपनीच्या हजेरीत नसतात म्हणून भाषणातूनही सुटतात, आणि नेमके तेच बहुतेक वेळा धुळीच्या कामावर असतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं असतील तर महत्त्वाची वाक्यं हिंदीतही म्हणा.

मालकाशी आधी दोन गोष्टी पक्क्या करा. तपासणीला जाणाऱ्याचा अर्धा दिवस कापायचा नाही, आणि टीबी निघाला म्हणून कोणाला घरी बसवायचं नाही. त्यांनी हो म्हटलं तरच भाषणात सांगा. एकदा मी वरच्या लोकांना न विचारताच "काम जाणार नाही" असं सांगून बसलो. पुढच्या महिन्यात ठेकेदाराने एका मुलाला गेटवरूनच परत पाठवलं. त्यानंतर त्या फाउंड्रीत माझ्याशी खोकल्याबद्दल कोणी बोललं नाही.

सोबत तीन वस्तू ठेवा: बेडका गोळा करायची झाकणाची डबी, वजनकाटा आणि टीबीच्या गोळ्यांची एक रिकामी पट्टी. पडदा, प्रोजेक्टर लागत नाही.

पहिली सात मिनिटं: खोकला धुळीचा की टीबीचा?

सुरुवात त्या फेटलरच्या वाक्यानेच करा, म्हणजे समोरची माणसं मान हलवतात. मग सांगा की साच्याच्या वाळूत सिलिका असते. शेकआउटला साचा फुटतो आणि फेटलिंगला ग्राइंडर चालतो, तेव्हा तिचा बारीक कण छातीत खोलवर जातो. फुप्फुसात जंतू गिळून मारणाऱ्या पेशी असतात. त्या हा कणही गिळतात आणि त्यातच निकामी होतात. म्हणजे वाळूत काम करणाऱ्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्तच. "धूळ आहे म्हणून खोकला आहे" हे खरं असू शकतं, पण म्हणूनच तपासणी लवकर करायची.

धुळीचा खोकला आणि टीबीचा खोकला आवाजावरून ओळखता येत नाही. मला येत नाही, डॉक्टरलाही येत नाही. "सुट्टीत कमी झाला तर धुळीचा, नाही झाला तर टीबीचा" असंही सांगू नका, कारण सिलिकोसिस झालेल्याचा खोकला सुट्टीत थांबत नाही, आणि त्याला टीबीही होऊ शकतो. म्हणून एकच हिशोब द्या. सरकारी कार्यक्रमाचा नियम दोन आठवड्यांचा आहे. मी त्याला फाउंड्रीच्या भाषेत आणतो. खोकल्यात दोन साप्ताहिक सुट्ट्या निघून गेल्या की तिसरीची वाट बघायची नाही. तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, सुट्टी राहते.

बाकीची लक्षणंही त्यांच्याच दिवसातून सांगा. भट्टीजवळ काम करणाऱ्याला "घाम येतो का" विचारून उपयोग नाही, तो दिवसभर घामातच असतो. विचारा, "रात्री पंख्याखाली झोपलेले असताना बनियन ओलं होतं का?" ताप विचारताना "संध्याकाळी अंगात कणकण येते का, सकाळी बरं वाटतं का" असं विचारा. "वजन घटलं का" यावर बहुतेक जण नाही म्हणतात, कारण वजन कोणी केलेलंच नसतं. "पट्टा एक भोक आत गेला का" म्हणा, लगेच दोन-तीन हात कमरेकडे जातात. भूक मेली असेल, छातीत दुखत असेल, मानेला न दुखणारी गाठ आली असेल तर तेही सांगायला लावा. गाठीच्या टीबीत खोकला नसतोही.

बेडक्यात रक्त दिसलं तर दोन सुट्ट्यांचा नियम लागू नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हे वाक्य दोनदा म्हणा, दोन्ही भाषांत.

एक गोष्ट मात्र करू नका. "खोकला असणाऱ्यांनी हात वर करा" असं सगळ्यांसमोर कधीच म्हणू नका. ज्याचा हात वर जाईल त्याच्या शेजारी उद्या कोणी डबा उघडणार नाही.

पुढची चार मिनिटं: डबीत काय द्यायचं

हा भाग बहुतेक वक्ते सोडून देतात, आणि अर्धे नमुने इथंच वाया जातात. डबी हातात धरून सांगा: यात थुंकी नको, बेडका हवा. थुंकी तोंडातली, पातळ, फेसाळ. बेडका छातीतला, घट्ट, चिकट, पांढरा किंवा पिवळसर. प्रयोगशाळेत थुंकी पोचली तर जंतू असूनही सापडत नाहीत, आणि माणूस "रिपोर्ट निल आला" म्हणून परत वाळूत जातो.

नमुने बहुतेक वेळा दोन घेतात, एक दवाखान्यात तिथल्या तिथं आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या. सकाळचा जास्त कामाचा, कारण रात्रभर छातीत साचलेलं त्यात येतं. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. उघड्यावर, माणसांपासून लांब उभं राहायचं. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन सोडायचा, मग पोटातून जोर लावून खोकायचं. दोन मिलिलिटर पुरे, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडं कमी. झाकण घट्ट लावून लगेच द्यायची. खोकून दाखवायला लाजू नका. मी दाखवतो, माणसं हसतात, पण नमुने नीट येतात.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापर्यंत सरकारी यंत्रणेत फुकट होते. आता बहुतेक ठिकाणी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट हे मशीन वापरतात. ते जंतू आहे का हे काही तासांत सांगतंच, पण टीबीचं मुख्य औषध, रिफाम्पिसिन, त्याच्यावर चालणार की नाही हेही सांगतं. छातीचा एक्स-रे काढतात. सिलिकोसिस असलेल्या कामगाराच्या एक्स-रेवर आधीच डाग असतात, त्यामुळे एका एक्स-रेवरून टीबी आहे किंवा नाही असं ठरवू देऊ नका. डॉक्टरला आपण फाउंड्रीत आहोत आणि किती वर्षं आहोत हे आपणहून सांगायचं. त्यांच्या तोंडून हा प्रश्न येईलच असं नाही.

रिपोर्ट निल आला आणि खोकला मात्र तसाच, तर पुन्हा जायचं. वाईट सवय म्हणजे नाक्यावरच्या मेडिकलमधून कफ सिरप, मग अँटिबायोटिकचे पाच दिवस, मग दुसरं अँटिबायोटिक. काही अँटिबायोटिकं टीबीला थोडी दाबतात. माणसाला आठ दिवस बरं वाटतं आणि तपासणी महिनाभर लांबते.

मधली सहा मिनिटं: सहा महिने का?

इथं जंतूंचं शास्त्र सांगायची गरज नाही, कास्टिंग पुरतं. कास्टिंग ओतल्यावर वरून काळं पडतं, थंड दिसतं. घाईने साचा फोडला तर आत अजून लाल असतं, आणि तडा जातो. टीबीचं औषध तसंच. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून ताप जातो, भूक येते, खोकला कमी होतो. पण थोडे जंतू सुस्त पडून राहतात. ते वाढत नाहीत म्हणून औषधाने लवकर मरत नाहीत. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी आहेत. मध्येच सोडलं की तेच उठतात, आणि पुढच्या वेळी औषधाला न जुमानणारे उठण्याची भीती असते.

आता एक उदाहरण घ्या. पट्टी हातात घेऊन, बोटं मोजत सांगितलं तर लोकांच्या डोक्यात बसतं. मी एका फेटलरचं सांगतो, वजन सेहेचाळीस किलो. औषध १० जूनला सुरू झालं. गोळ्या वजनावर ठरतात: पस्तीस ते एकोणपन्नास किलोला रोज तीन, पन्नास ते चौसष्टला रोज चार. याला तीन. सगळ्या एकाच वेळी, रोज, सुट्टीच्या दिवशीही. पहिले छप्पन दिवस गोळीत चार औषधं असतात. ते ४ ऑगस्टला संपले, आणि बेडका पुन्हा तपासला, जंतू नव्हता. त्यानंतर तीन औषधांची गोळी, एकशे बारा दिवस. शेवटचा दिवस २४ नोव्हेंबर. एकूण एकशे अडुसष्ट दिवस.

ऑगस्टच्या त्या रिपोर्टवर त्याने आणि त्याच्या बायकोने गोळ्या संपल्या असं ठरवलं होतं. "निल" म्हणजे बरा, असा त्यांचा अर्थ. मुकादम हजेरी लिहीत होता, त्याला सहज कळलं आणि त्याने आम्हाला फोन केला. म्हणून भाषणात हे वाक्य असंच्या असं म्हणा: "दोन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला, तर औषध लागू पडतंय एवढाच त्याचा अर्थ. गोळ्यांचे एकशे बारा दिवस अजून बाकी आहेत."

एकेका दिवसाचा खाडा झाला तर काय, हे लोक हमखास विचारतात. सकाळी विसरलात तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या. पूर्ण दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी नेहमीएवढ्याच, दुप्पट नाही. चुकलेला दिवस शेवटी धरला जातो. आशाताईला किंवा टीबीच्या सुपरवायझरला सांगा, लपवू नका. सलग महिनाभर गोळ्या तुटल्या तर सुरुवातीपासून पाहावं लागतं, पुन्हा तपासणी होते. आणि रिफाम्पिसिन चालत नाही असं निघालं तर वेगळी औषधं लागतात, कधी सहा महिने, कधी त्याहून बरेच जास्त, आणि ती जड जातात.

पाळी बदलणाऱ्यांसाठी गोळीची वेळ घड्याळाला बांधू नका. रात्रपाळीत सकाळी आठला माणूस झोपायला जातो. "झोपून उठल्यावर पहिली गोष्ट" अशी बांधा, मग पाळी कोणतीही असो.

त्रास झाला तर

पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी होते. रिफाम्पिसिनचा रंग आहे तो, काही धोका नाही. पण कोणी आधी सांगितलं नाही तर "रक्त जातंय" म्हणून माणूस तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतो. मी हे नेहमी शेवटी न सांगता मध्येच, मोठ्याने सांगतो. हशा पिकतो, आणि लक्षात राहतं.

मळमळ, सांधेदुखी, हातपायांना मुंग्या आल्या तर गोळी चालू ठेवून डॉक्टरला सांगायचं, त्यावर साधे उपाय आहेत. मुंग्यांसाठी जीवनसत्त्वाची गोळी मिळते. पण डोळे किंवा कातडी पिवळी पडली, उलट्या थांबेनात, दिसायला धूसर झालं किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. ग्राइंडरवर काम करणाऱ्याने नजरेबद्दल विशेष जपावं. कोणती गोळी परत सुरू करायची हे डॉक्टर ठरवतील, स्वतः नाही.

दारूबद्दल उपदेश करू नका. यकृतावर टीबीची औषधं आणि दारू दोन्ही भार टाकतात, म्हणून सहा महिने बंद. एवढं सरळ सांगा. पण याचा उलटा अर्थही मी बघितला आहे. पगाराच्या दिवशी प्यायल्यावर "आज गोळी चालणार नाही" म्हणून चार दिवस सुटतात. प्यायलात म्हणून उद्याची गोळी सोडू नका, डॉक्टरला खरं सांगा. बायका ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांचा परिणाम रिफाम्पिसिनमुळे कमी होतो. कोअर शॉपमध्ये महिला असतात, त्यांना हे वेगळं, त्यांच्यापुरतं सांगा.

गावी जाताना

त्या फेटलरचे गोळ्यांचे दिवस दिवाळीच्या पलीकडे जात होते. बिहारी मुलांचं छठचं रिझर्व्हेशन आधीच झालेलं असतं. गावी जाणं थांबवू नका, ते थांबत नाहीत. निघण्याच्या दहा दिवस आधी आरोग्य केंद्राला सांगायला सांगा. रुग्णाची नोंद निक्षय नावाच्या संगणकीय यंत्रणेत असते, नंबर देशभर एकच. तिकडच्या केंद्राला नोंद पाठवता येते, आणि प्रवासापुरत्या गोळ्या इथूनच मिळतात. नंबर एका कागदावर लिहून पाकिटात ठेवायचा. अडचण आली तर निक्षयची टोल फ्री हेल्पलाइन आहे: १८००-११-६६६६.

पैशाचंही सांगा. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना १००० रुपये थेट बँकेत येतात. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासूनची, आधी ५०० होती. पैसे अडतात ते बहुतेक खात्यामुळे, म्हणून पहिल्याच भेटीत चालू खात्याचं पासबुक न्यायचं. ईएसआयचा कामगार असेल तर टीबीसाठी वाढीव आजारपणाचा लाभ मिळतो, पगाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. त्याला वर्गणीच्या आणि नोकरीच्या काळाच्या अटी आहेत. ईएसआय दवाखान्याचा दाखला लागतो, घरी बसून रजा धरली जात नाही. ठेकेदाराने ईएसआयचा नंबर काढलाच नाही, असं खूपदा निघतं. ते भाषणाच्या दिवशीच तपासा.

उरलेले प्रश्न

डबा वेगळा करायचा का? नाही. टीबी ताटातून, हस्तांदोलनातून, टॉवेलमधून होत नाही. तो खोकल्यातून हवेत येतो आणि बंद खोलीत थांबतो. म्हणून आठ-दहा जण एका खोलीत राहणाऱ्या ठेकेदाराच्या मुलांच्या खोलीची खिडकी उघडी राहील का, हे बघणं ताट वेगळं करण्यापेक्षा मोठं. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत पसरवण्याची शक्यता बरीच कमी होते. कामावर परत कधी घ्यायचं हे डॉक्टर सांगतील, मुकादम नाही. घरात राहणाऱ्यांची तपासणी करायची. ज्यांना टीबी नाही त्यांना, लहान मुलांना तर नक्की, प्रतिबंधक गोळ्या विचारून घ्यायच्या. रुग्णाची साखर आणि एचआयव्हीची तपासणीही होते, त्यात घाबरायचं काही नाही, उपचार नीट व्हावेत म्हणून ती लागते.

भाषण संपल्यावर

लगेच निघू नका. पॅटर्न शॉपच्या बाहेर, एका कडेला वीस मिनिटं उभे राहा, वजनकाटा शेजारी ठेवा. वजन करायच्या निमित्ताने माणसं येतात. काट्यावर उभा राहिलेला माणूस हळूच विचारतो, "दोन सुट्ट्या झाल्या, साहेब." त्याला डबी द्या, उद्या सकाळचं समजावून सांगा, आणि नाव फक्त तुमच्या वहीत लिहा. किती डब्या गेल्या आणि किती दवाखान्यात पोचल्या हे आठवड्याने मोजा. सात दिल्या आणि तीन पोचल्या असतील, तर उरलेल्या चौघांना फोन करा.

त्या फेटलरच्या गोळ्या २४ नोव्हेंबरला संपल्या. संपल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी बघायचं असतं. त्याची पहिली तपासणी मे महिन्यात होती. तो आला तेव्हा सोबत खोलीतला एक मुलगा होता, आणि त्या मुलाच्या हातात झाकण घट्ट लावलेली डबी होती.